तीस दिवसांनी परत विचारणारी यादी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ओळखीतल्या काही घरांमध्ये ही यादी चालते. नागपुरातल्या प्रतापनगरपासून महालापर्यंतच्या लोकांनी वेळोवेळी जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांब आहेत, कारण गोंधळ तिथेच होतो.

ही यादी म्हणजे नक्की काय?

घ्यावीशी वाटलेली वस्तू लगेच घ्यायची नाही, तिची नोंद करायची. तीस दिवसांनी ती नोंद आपोआप समोर यावी अशी सोय करून ठेवायची. तोपर्यंत त्या वस्तूकडे फिरकायचं नाही. नोंद आली की घ्यायची किंवा खोडायची. घेण्यावर बंदी नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरचा कूलर या यादीतूनच आला.

तीसच दिवस का? आठवडा पुरणार नाही का?

तीस या आकड्यात जादू नाही. पण तेवढ्या दिवसांत घराचं एक चक्र पूर्ण होतं. एक पगार येतो, एकदा किराणा भरला जातो, विजेचं बिल येतं, चार-पाच रविवार जातात. ज्या गरजेपोटी वस्तू हवीशी वाटली, ती गरज या काळात किती वेळा उभी राहिली ते मोजता येतं. आठवड्यात ते दिसत नाही, कारण एखादा पाहुणा येऊन गेला किंवा एक दिवस पाऊस पडला तरी सगळा हिशेब बिघडतो. उलट तीन महिने थांबलं तर नोंद कशासाठी केली होती तेच विसरायला होतं.

नोंदीत काय लिहायचं? नुसतं वस्तूचं नाव पुरेल का?

नाही पुरत. यादी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. तीस दिवसांनी फोनवर फक्त "घरघंटी" एवढं आलं, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. महिन्याभरापूर्वी मनात काय होतं ते तेव्हा आठवत नाही. मग तो पुन्हा फोटो बघतो, पुन्हा हुरळतो आणि पहिल्या दिवशी होता तिथेच येऊन उभा राहतो.

म्हणून चार गोष्टी लिहा, त्याही ओळीभरातच. पहिली म्हणजे आजची किंमत. हप्त्याची रक्कम लिहू नका, रोख किंमत लिहा, कारण "महिन्याला फक्त पंधराशे" असं लिहिलं की वस्तू स्वस्त वाटायला लागते. दुसरी गोष्ट म्हणजे आज ही वस्तू का हवीशी वाटली. हे खरंखुरं लिहायचं. "शेजारच्या काकूंकडे बघितली" हे कारण असेल तर तेच लिहा, लाजायचं काही नाही, यादी दुसरं कोणी वाचत नाही. तिसरी म्हणजे ती वस्तू नसताना सध्या काय करून चालतं. आणि चौथी म्हणजे ती घरात कुठे ठेवणार. "बघू, होईल जागा" असं उत्तर आलं तर तेही तसंच लिहून ठेवा.

याखाली एक ओळ रिकामी सोडा. तिथे खुणा करायच्या असतात. तीस दिवसांत जेव्हा जेव्हा ती वस्तू खरोखर वापरली असती, तेव्हा एक खूण. "असती तर बरं झालं असतं" असं नुसतं वाटलं तर खूण करायची नाही. त्या क्षणी हाताशी असती तर हातात घेतली असती, तरच करायची.

एखादं पूर्ण उदाहरण सांगाल का?

त्रिमूर्तीनगरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचं सांगतो. तिला घरघंटी हवी होती. तिची नोंद साधारण अशी होती: "१८,००० रुपये. चक्कीवर आधीच्या माणसाचं पीठ आपल्यात मिसळतं, ज्वारीत गहू येतो, भाकरी थापताना कळतं. सध्या महिन्यातून तीन-चार वेळा चक्कीवर जाते. ठेवायची स्वयंपाकघराच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला."

नोंद करतानाच तिने पैशाचा हिशेब मांडला. घरात माणसं चार, गहू-ज्वारी मिळून महिन्याचं दळण पंधरा किलोच्या आसपास. किलोला आठ रुपये धरले तरी दळणाचे १२० रुपये होतात. १८,००० भागिले १२० म्हणजे दीडशे महिने, साडेबारा वर्षं. वीज आणि दुरुस्ती यात धरलेलीच नाही. भाऊजी म्हणाले, "झालं न मग, खोडून टाक." तिने खोडलं नाही आणि ते बरोबरच होतं, कारण तिचं कारण पैशाचं नव्हतं, पीठ मिसळण्याचं होतं. कारण लिहून ठेवल्याचा हाच फायदा असतो, कुणी दुसऱ्याच मुद्द्यावर वाद घातला तर तो कळतो.

महिन्यात तिच्या खुणा झाल्या तीन. त्यांतल्या दोन ज्वारीच्या होत्या. गव्हाच्या वेळी तिला काहीच खटकलं नव्हतं, भाजी आणता आणता दळण घेऊन आली होती. मधल्या काळात तिने वरच्या मजल्यावरच्या काकूंना, ज्यांच्याकडे घरघंटी आहे, एवढंच विचारलं की वापरून झाल्यावर काय करावं लागतं. काकूंनी दाखवलं. धान्य बदललं की जाळी बदलायची, आतलं पीठ ब्रशने झाडायचं, बेसन दळलं असेल तर कोपऱ्याकोपऱ्यातून काढायचं, नाहीतर पावसाळ्यात किडे होतात. म्हणजे ज्वारीत गहू मिसळू द्यायचा नसेल तर झाडझूड तिलाच करावी लागणार होती. चक्कीवाला करत नव्हता ते काम आता घरी आलं असतं.

तिसाव्या दिवशी नोंद आली तेव्हा प्रश्न अगदी लहान झाला होता, महिन्यातून दोनदा ज्वारी स्वच्छ कशी दळून मिळेल? तिने चक्कीवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, "ताई, ज्वारीचे गिऱ्हाईक मी सकाळी आधी घेतो, नऊच्या आत येत जा न." ती आता त्या वेळेला जाते. घरघंटी खोडली गेली. पण खुणा आठ-दहा झाल्या असत्या, घरात लहान मुलासाठी नाचणी, डाळ असं थोडं थोडं रोज दळायचं असतं, तर तिने ती घेतली असती आणि तेही चुकीचं ठरलं नसतं.

शॉपिंग ॲपमध्ये विशलिस्ट असतेच की. वेगळी यादी कशाला?

विशलिस्ट आठवण करून देते ती दुकानदाराच्या वेळेला. किंमत थोडी उतरली, स्टॉक कमी झाला, सेल सुरू झाला की फोन वाजतो. तीस दिवस डोळ्याआड ठेवायची वस्तू तिथे दर चार दिवसांनी फोटोसकट समोर येते. कार्टमध्ये टाकून ठेवलं तर आणखीच पाठ धरतात. म्हणून वस्तू विशलिस्टमधून आणि कार्टमधून काढा, त्या ॲपच्या नोटिफिकेशन बंद करा आणि नोंद दुकानाबाहेर ठेवा. फोटो लावू नका, लिंकही नको. मॉडेलचं नाव लिहिलं की पुरे, तीस दिवसांनी शोधायला मिनिटभर लागतं.

आठवण कशात लावायची?

बहुतेकांसाठी Google Tasks पुरतं. नवीन टास्क, तारीख तीस दिवसांनंतरची, आणि चार ओळी खालच्या तपशिलात. कॅलेंडरमधल्या साध्या इव्हेंटपेक्षा हे बरं, कारण इव्हेंटचं नोटिफिकेशन अंगठ्याने सरकवलं की तो मागच्या तारखेला जाऊन बसतो आणि परत दिसत नाही. टास्क पूर्ण केल्याची खूण करेपर्यंत बाकी म्हणून दिसत राहतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिणारेही आमच्यात आहेत. त्यांचं काही अडत नाही, फक्त पान उलटायला विसरू नये.

ज्यांना सगळी यादी एका जागी हवी, त्यांनी Google Sheets घ्यावं. पहिल्या ओळीत मथळे, मग A मध्ये वस्तू, B मध्ये नोंदीची तारीख, C मध्ये आठवणीची तारीख, D मध्ये चार ओळी व त्यांखाली खुणा आणि E रिकामा. C2 मध्ये हे सूत्र, आणि तेच खालच्या ओळींत ओढून घ्यायचं:

```
=B2+30+MOD(8-WEEKDAY(B2+30),7)
```

हे तीस दिवस मोजून त्या दिवशी रविवार नसेल तर पुढचा रविवार देतं. तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका, Format > Number > Date केलं की तारीख होते. एक चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल तर 03/04 म्हणजे ३ एप्रिल न होता ४ मार्च होतो आणि आठवण महिनाभर आधी येते. File > Settings मध्ये Locale एकदा India करून घ्या.

शीट स्वतःहून मेल पाठवत नाही. त्यासाठी Extensions > Apps Script उघडून हे टाकायचं आणि शीटच्या टॅबचं नाव Yadi ठेवायचं:

```
function aathvan() {
  const sh = SpreadsheetApp.getActive().getSheetByName('Yadi');
  const aaj = new Date();
  const rows = sh.getDataRange().getValues();
  for (let i = 1; i < rows.length; i++) {
    const [vastu, nond, tarikh, karan, gela] = rows[i];
    if (vastu && nond && tarikh <= aaj && !gela) {
      MailApp.sendEmail(Session.getEffectiveUser().getEmail(),
        'Yadi: ' + vastu, karan);
      sh.getRange(i + 1, 5).setValue(aaj);
    }
  }
}
```

मग डावीकडच्या Triggers मध्ये जाऊन Time-driven, Day timer आणि सकाळची वेळ निवडायची. तुलना `<=` अशी मुद्दाम ठेवली आहे. "आजचीच तारीख असेल तर" असं लिहिलं आणि त्या दिवशी काही कारणाने स्क्रिप्ट चाललीच नाही, तर ती नोंद कायमची गप्प होते. मेल गेला की E मध्ये तारीख पडते, त्यामुळे तोच मेल रोज येत नाही.

रविवारच का?

कारण दोन वेळा वाईट असतात. एक म्हणजे पगाराचा आठवडा, तेव्हा सगळंच परवडतं. दुसरी म्हणजे रात्री अंथरुणात पडल्यावरची, तेव्हा बोट आपोआप "खरेदी करा"वर जातं. रविवारी सकाळी दहा वाजता, तर्री-पोहे खाऊन झाल्यावर, घरातली माणसंही आजूबाजूला असतात आणि त्यांना विचारता येतं. तुमची सुट्टी गुरुवारी असेल तर गुरुवार धरा.

तोपर्यंत सेल संपला तर? किंमत वाढली तर?

सेल परत येतो. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये काही घ्यायचं मनात असेल, तर नोंद महिनाभर आधी करा, म्हणजे सेल लागेपर्यंत निर्णय झालेला असेल. "फक्त दोन नग शिल्लक" किंवा उलटं धावणारं घड्याळ खोटं असेल, तर तो आता नियमभंगही आहे. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला भुलवून खरेदी करायला लावणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत आणि खोटी घाई दाखवणं हा त्यांतला एक आहे. तरी ते दिसतंच.

किंमत कधी वाढते, कधी उतरतेही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्याआधीच्या महिन्यात थांबलेल्यांचा आपसूक फायदा झाला. पण एक सांभाळा. तिसाव्या दिवशी किंमत उतरलेली दिसली आणि मन लगेच हो म्हणालं, तर नोंदीतली जुनी किंमत बघा. त्या किमतीलाही घेतली असती का? उत्तर नाही असेल, तर तुम्हाला सवलत हवी आहे, वस्तू नको आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसाठी तीस दिवस थांबायचं? काहीतरीच काय!

बरोबर आहे, इथे नियम तसाच लावला तर फसतो. १५ मेला कूलरची नोंद केली तर आठवण १४ जूनला येईल. तोवर विदर्भात पाऊस दारात असतो आणि दमट हवेत कूलर नुसता चिकचिक करतो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. अशा दुपारी माणसाला "थांब" म्हणण्यात अर्थ नाही.

पण अशा दुपारी घेतलेला निर्णय कसा असतो तेही बघा. अमेरिकेतल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कॅटलॉगमधून मागवलेल्या थंडीच्या कपड्यांच्या ऑर्डरी तपासल्या. ऑर्डर केली तो दिवस जितका जास्त थंड, तितकी ती वस्तू परत पाठवली जाण्याची शक्यता जास्त निघाली. आज अंगाला जे जाणवतं तेच पुढेही जाणवत राहील असं आपण धरून चालतो. आपल्याकडे उन्हाची गत तीच आहे. मेच्या दुपारी बर्डीच्या बाजारात कूलर बघायला गेलेला माणूस खोलीपेक्षा दोन साइज मोठा घेऊन येतो, आणि पाणी रोज किती लागेल हे विचारतच नाही.

उपाय सोपा आहे, हंगामी वस्तूची नोंद हंगामाच्या एक महिना आधी करायची. कूलरची फेब्रुवारीच्या सुरुवातीला, छत्री-रेनकोटची मेच्या सुरुवातीला, रजई-हीटरची ऑक्टोबरात. आमच्या कूलरची नोंद अशीच फेब्रुवारीत झाली. त्या महिन्यात जुना पत्र्याचा कूलर गच्चीवरून उतरवून बघितला. ताट्या बदलणं आणि पंप नवा टाकणं एवढ्यावर भागलं असतं तर नवा घेतला नसता, पण टाकीचा तळ गंजून आरपार गेला होता. नोंदीत खिडकीचं माप होतं, ते घेऊन गेलो आणि त्याच मापाचा आणला. मार्चच्या सुरुवातीला दुकानदारालाही बोलायला वेळ असतो.

मे महिन्यात कूलर अचानक बंदच पडला तर यादी बाजूला ठेवा आणि घेऊन या.

मग यादीत काय टाकायचं नाही?

औषधं, बंद पडलेला फ्रिज, गॅसची नळी, मुलांची शाळेची पुस्तकं, हेल्मेट. थोडक्यात, ज्यावाचून आजचा दिवस अडतो किंवा जीव धोक्यात येतो ते. मात्र "फ्रिज बंद पडला" आणि "फ्रिज जुना दिसतो" यांत फरक आहे. दुसरा यादीतच.

किती रुपयांच्या पुढे नोंद करायची?

एका दिवसाच्या कमाईएवढी मर्यादा धरा. हातात ४५,००० येत असतील तर १,५००. त्याखालचं सगळं नोंदवत बसलात तर दोन आठवड्यांत कंटाळाल.

तिसाव्या दिवशीही ठरत नसेल तर?

एकदा, फक्त एकदाच, आणखी तीस दिवस द्या. आणि मुदत वाढवताना नोंदीत लिहा की कोणती माहिती मिळाली तर ठरेल: "दुरुस्तीवाला किती सांगतो", "दादा पुण्याला बदली घेणार की नाही". असं काहीच लिहिता येत नसेल तर माहितीची वाट बघणं चाललेलं नाही, खोडायचं जिवावर आलंय एवढंच. खोडा. खरोखर लागली तर ती वस्तू पुन्हा यादीत येईल, तिला कुणी अडवलेलं नाही.

यादी काम करतेय की नाही हे कसं ओळखायचं?

किती वस्तू खोडल्या ते मोजू नका, त्यावरून काही कळत नाही. उगाच दहा वस्तू लिहून दहा खोडणारे लोक आहेत, त्यांना खोडण्यातच मजा येते. तीन महिन्यांनी बँकेचं किंवा यूपीआयचं स्टेटमेंट उघडा आणि मर्यादेपुढच्या खरेदी बघा. त्यांतल्या किती यादीतून आल्या? यादीत कधी नव्हत्याच अशा बऱ्याच निघाल्या, तर पैसा दुसऱ्या दाराने जातो आहे. बहुतेक वेळा असं होतं की मोठी वस्तू यादीत थांबते आणि तिच्या नावाने लहान-लहान वस्तू घरात येतात. घरघंटी थांबली, पण मिक्सरचं ड्राय ग्राइंडिंगचं भांडं आलं, मग पिठाच्या चाळण्यांचा सेट, मग डबे. ही बदलीची खरेदी मूळ नोंदीखालीच लिहायची, म्हणजे बेरीज एका जागी दिसते.

दुसरं लक्षण खुणांच्या ओळीचं. महिनाभर ती कोरी राहिली आणि तरीही वस्तू घेतली, तर निदान कोऱ्या ओळीवर घेतली हे माहीत असू द्या.

नवरा-बायकोची यादी एक असावी की दोन?

दोन. एकाच यादीत लिहिलं की दुसऱ्याच्या वस्तूवर शेरे मारले जातात, "हे काय करून राहिली तू" सुरू होतं आणि मग खरं कारण कुणी लिहीत नाही. आठवण आल्यावर मात्र एकत्र बोला. फ्रिज, सोफा अशा दोघांच्या वस्तूंची नोंद ज्याला हवी त्याने करावी आणि जागेची ओळ दुसऱ्याने लिहावी. जागेवरून बरंच काही निकालात निघतं.

आमच्या सासूबाई म्हणतात पाडव्याला वस्तू घरात आलीच पाहिजे. तेव्हा?

आणा की. पाडवा कधी आहे हे वर्षभर आधी माहीत असतं. महिनाभर आधी नोंद करून ठेवा आणि सासूबाईंनाच विचारा की काय आणायचं आहे. अक्षय्य तृतीयेला इतवारीत सराफाकडे जाणाऱ्यांनाही हेच, फक्त सोन्याच्या नोंदीत किमतीऐवजी वजन लिहा, कारण भाव महिन्याभरात कुठेही जाऊ शकतो. मजुरी किती टक्के आहे हेही त्याच ओळीत लिहून ठेवलं तर दुकानात गर्दीत विचारायचं राहत नाही.